बाराव्याच्या संध्याकाळचा कागद

प्रश्न: मी ठाण्यातल्या एका कुटुंबावर कथा लिहिते आहे. वडील गेल्यावर नवव्या दिवशी लग्न झालेली मुलगी सगळ्यांसमोर म्हणते, "मला माझा हिस्सा हवा." ज्यांना वाचायला दिली ते म्हणाले, सुतकात कोणी असं बोलत नाही, मुलगी हावरट वाटते. पण मला हे तेराव्याच्या आतच घडायला हवं आहे. कायद्याने आणि व्यवहाराने हे कसं घडेल? आणि तिला खरंच किती मिळेल?

उत्तर:

तुमच्या वाचकांचं निरीक्षण बरोबर आहे, पण दोष मुलीचा नाही, प्रसंगाच्या मांडणीचा आहे. मी ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात २६ वर्षं वकिली करते आणि माझी निम्म्याहून जास्त कामं वारसांच्या आणि घरांच्या वादाची आहेत. सुतकात आपणहून "माझा हिस्सा द्या" म्हणाली अशी मुलगी माझ्याकडे आजवर एकही आली नाही. पण सुतक फिटायच्या आत किंवा फिटल्याच्या दुसऱ्या दिवशी आलेल्या खूप जणी आहेत. जवळपास प्रत्येकीच्या पर्समध्ये घडी घातलेला एक कागद होता. विषय तिने काढलेला नव्हता. कागद तिच्यापुढे ठेवला होता आणि तिने सही केली नव्हती, एवढंच तिचं मागणं.

म्हणून आधी हे ठरवा की कागद कोण पुढे करतं आणि नेमका त्याच दिवसांत का करतं. ते ठरलं की मुलीच्या तोंडचं वाक्य आपोआप बदलेल.

त्याच दिवसांत का, याचं साधं उत्तर म्हणजे तेव्हा सगळे एका छताखाली असतात. मामा, काका, आत्या हजर असतात, म्हणजे साक्षीदार आहेत. लग्न झालेली मुलगी माहेरी मुक्कामाला आहे, तेराव्यानंतर ती सासरी जाणार. आणि त्या दिवसांत घरात कोणी कोणाला नाही म्हणत नाही. समोर फोटोला हार आहे, समई तेवते आहे, आई भिंतीला टेकून बसली आहे, अशा वेळी "थांब, मला वाचू दे" एवढं म्हणायलाही जीभ रेटत नाही. कागद पुढे करणाऱ्याला हे दरवेळी हिशेबाने माहीत असतं असं नाही. पुष्कळदा त्याच्या मनात "एकदाचं उरकून टाकू" इतकंच असतं. पण परिणाम तोच होतो.

ठाण्यात याला आणखी एक कारण मिळतं आणि ते तुमच्या कथेला फार उपयोगी पडेल. नौपाडा, चरई, कोपरी, कळवा या भागांतल्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास. इमारत विकासकाकडे द्यायची चर्चा सुरू असताना एखादा सभासद वारला, तर सोसायटीचे सचिव घरी भेटायला येतात आणि निघताना दाराशी हळूच म्हणतात, "नावाचं तेवढं लवकर बघा, करार अडायला नको." ते वाक्य मुलाच्या डोक्यात राहतं. मग घाई कोणाच्या दुष्टपणाशिवायही खरी वाटते.

आता एक प्रकरण सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, पण आकडे आणि कागदांचा क्रम जसा होता तसाच ठेवला आहे.

वडील २०२१च्या पावसाळ्यात गेले. नौपाड्यात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या-किचनचं घर, वडिलांच्या एकट्याच्या नावावर, त्यांच्या नोकरीच्या पगारातून घेतलेलं. बँकेत १५ लाखांची ठेव. मागे आई, मुलगा आणि त्याच्याहून धाकटी मुलगी. मुलगा बायकोमुलांसह आईवडिलांबरोबरच राहत होता. वडिलांचं शेवटचं दीड वर्ष डायलिसिसमध्ये गेलं आणि आठवड्यातून दोनदा त्यांना घेऊन जाणं-आणणं मुलाने केलं होतं. मुलगी डोंबिवलीला दिलेली, शाळेत शिक्षिका. मृत्युपत्र नव्हतं. सोसायटीत आणि बँकेत दोन्हीकडे नामनिर्देशन मुलाच्या नावाने होतं.

दहावा झाला, अकरावा झाला. बाराव्याच्या संध्याकाळी गुरुजी गेल्यावर भावाने एक प्लॅस्टिकची फाइल आणली. मामा शेजारी बसले होते. "सोसायटीचं आहे, सही करून ठेव, म्हणजे तुला परत परत यायला नको," असं तो म्हणाला. तिने फाइल उघडली. आत तीन कागद होते. पहिला सोसायटीच्या नावे ना-हरकत पत्र: भावाचं नाव एकट्याचं लागायला माझी हरकत नाही. दुसरा नोटरीसमोर करायचं प्रतिज्ञापत्र, तेच पण लांबलचक भाषेत. तिसरा हक्कसोडपत्राचा मसुदा, जो चार दिवसांनी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवायचा होता.

ती शिक्षिका, त्यामुळे कागद शेवटपर्यंत वाचायची सवय. तिसऱ्या कागदाच्या पहिल्याच पानावर "लिहून देणार" या शब्दांखाली दोन नावं होती. क्रमांक एकला आई आणि क्रमांक दोनला ती.

तिने मला नंतर सांगितलं की स्वतःचं नाव वाचून तिला काहीच वाटलं नव्हतं, ती सही करायला बसलीच होती. आईचं नाव वाचून ती थांबली. तिने फक्त एवढं विचारलं, "आई, तुला माहीत आहे का यात तुझं पण आहे ते?" आई म्हणाली, "दादा म्हणाला सोसायटीचं आहे." मग ती म्हणाली, "दादा, मी हे घरी नेऊन वाचते. आज नाही करत सही." एवढ्यावरून घरात जे झालं, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं लिहाल. पण तिथे कोणी काय म्हटलं, ते सांगते. प्रत्येक घरात साधारण तीच वाक्यं निघतात आणि प्रत्येकाला कायद्यात एक उत्तर आहे.

मामा म्हणाले, "राहत्या घराची वाटणी मुलीला मागता येत नाही, मला माहितीये." मामा खोटं बोलत नव्हते. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६चा. त्याच्या कलम २३ मध्ये खरोखर तशी अट होती: ज्या घरात कुटुंब राहतं, त्याची वाटणी पुरुष वारस वेगळे व्हायचं ठरवेपर्यंत मुलीला मागता येत नव्हती. ही अट २००५च्या दुरुस्तीने काढून टाकली, ९ सप्टेंबर २००५पासून. साठीच्या पुढच्या माणसांच्या डोक्यात अजून जुना कायदा असतो, कारण त्यांच्या बहिणींच्या वेळी तोच होता. तुमच्या कथेतल्या मामांना किंवा काकांना हे वाक्य जरूर द्या. ते खलनायक न होता चुकीचे ठरतील.

भाऊ म्हणाला, "नॉमिनी मी आहे, बाबांनीच लिहून दिलंय." हा गैरसमज तर शिकलेल्या माणसांतही आहे. नामनिर्देशित माणूस मालक होत नाही. बँकेच्या बाबतीत त्याला पैसे उचलायचा अधिकार आहे, म्हणजे बँक त्याला पैसे देऊन मोकळी होते. पुढे ते पैसे वारसांचेच. गृहनिर्माण सोसायटीच्या बाबतीत महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ पासून कलम १५४ब-१३ आहे. त्यानुसार वारस ठरेपर्यंत नामनिर्देशित व्यक्तीला फक्त तात्पुरता सभासद करून घेतलं जातं. सभा, देखभाल खर्च, पत्रव्यवहार कोणाशी करायचा याची ती सोय आहे. घर कोणाचं, हे सोसायटीची समिती ठरवू शकत नाही.

वहिनी म्हणाली, "लग्नात बारा तोळे घातले होते की." लग्नाचा खर्च, दागिने, डोहाळजेवण, बाळंतपण, यातलं काहीही कायद्याने हिश्श्यातून वजा होत नाही. वडिलांनी हयातीत दिलं ते दिलं, मुलाच्या शिक्षणाला दिलं तेही दिलं. काही घरांत आणखी एक कागद निघतो: लग्नाच्या वेळी मुलीकडून "माझा माहेरच्या मिळकतीवर हक्क नाही" असं लिहून घेतलेला. वडील जिवंत असताना त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीचा हक्कच नव्हता, फक्त पुढे मिळेल अशी आशा होती. आशा सोडून देता येत नाही, म्हणून अशा कागदाला सहसा किंमत नसते. त्या बदल्यात तिला वेगळी रक्कम दिली असेल तर मात्र न्यायालय वेगळा विचार करू शकतं.

आणि शेवटी आत्या म्हणाली, "अगं, तुला तर सुतकसुद्धा तीन दिवसांचंच." हे वाक्य ऐकून मी काही क्षण लिहायची थांबले होते. लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं सुतक तीन दिवसांचं, मुलाला दहा, असं पंचांगात असतंच. म्हणजे या घरची म्हणून तू मोजलीच जात नाहीस, असा त्याचा अर्थ निघत होता. ती मुलगी दहा दिवस त्या घरात चटईवर झोपली होती. कायदा हे दिवस मोजत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ आणि १० प्रमाणे विधवा, मुलगा आणि मुलगी एकाच वर्गात, प्रत्येकाला एक-एक वाटा.

तुमच्या कथेतही कुटुंब हिंदू असेल, घर वडिलांच्या कमाईचं असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिशेब सोपा आहे. आई, एक मुलगा, एक मुलगी: तिघांना एक-तृतीयांश. घर ९० लाखांचं असेल तर मुलीचे ३० लाख, आईचे ३०, भावाचे ३०. एक गोष्ट लेखकच नाही, काही वकीलही विसरतात. वारलेल्या माणसाची आई जिवंत असेल तर तीही पहिल्या वर्गातली वारस आहे. म्हणजे घरात नव्वदीची आजी अंथरुणावर असेल, तर वाटे चार होतात. कथेत आजी असेल तर तिला विसरू नका, तिचा चौथा वाटा सगळं गणित हलवतो.

मिळकत वडिलोपार्जित असेल, म्हणजे गावची जमीन किंवा एकत्र कुटुंबाचं घर, तर मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे मुलासारखीच वाटेकरी, असते. २००५च्या दुरुस्तीने ते आलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं की ९ सप्टेंबर २००५ला वडील हयात असायलाच हवेत असं नाही. तेव्हा हिशेब बदलतो. पण तुमची कथा फ्लॅटची असेल तर त्यात शिरू नका, वाचक गोंधळेल. तसंच वडिलांनी घर मुलाच्या पैशाने घेतलं असेल, करारात दोघांची नावं असतील किंवा मृत्युपत्र निघालं, तर वरचं गणित जसंच्या तसं लागू पडणार नाही. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे वारसा नियम वेगळे आहेत.

आता त्या तीन कागदांकडे परत येते, कारण इथेच कथालेखक आणि पक्षकार दोघंही फसतात. घराचा हक्क सोडायचा तर त्याचं हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. नोंदणी कायदा १९०८चं कलम १७ तसं सांगतं. नुसतं तोंडाने "मला नको" म्हटलं, स्टँप पेपरवर लिहून दिलं किंवा नोटरीचा शिक्का मारला, म्हणून मुलीची मालकी जात नाही. म्हणून तुमच्या कथेत मुलीने बाराव्याला रडत सही केली आणि तेराव्याला तिचं सगळं गेलं, असं दाखवलंत तर ते चुकीचं होईल. नोंदणीसाठी तिला स्वतः दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जावं लागतं. तिथे फोटो निघतो, अंगठा लागतो, ओळख देणारे दोन जण लागतात. व्यवहारात मृत्यूचा दाखला आणि घराचा मूळ करार किंवा इंडेक्स टूही मागतात. दाखला हातात यायलाच काही दिवस जातात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते.

मग बाराव्याच्या सहीने बिघडतं काय? ना-हरकत पत्राच्या आधारावर सोसायटी भावाचं नाव एकट्याचं लावते. भागदाखल्यावर त्याचं नाव येतं, पुनर्विकासाचा करार त्याच्याशी होतो, भाडं आणि एकरकमी रक्कम त्याच्या खात्यात जाते. मुलीची मालकी कागदावर शिल्लक राहते, पण ती मिळवायला दावा लावायची वेळ तिच्यावर येते आणि समोरची बाजू तिचंच पत्र दाखवते. फाइलमध्ये मुखत्यारपत्र असेल तर ते ना-हरकतीपेक्षाही वाईट, कारण त्याच्या जोरावर पुढचे व्यवहार तिच्या नावाने दुसरा माणूस करू पाहतो. माझ्याकडे आलेल्या बायकांना मी आधी हेच विचारते: मुखत्यारपत्रावर सही केलीत का?

आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्र एकदा झालं की परत फिरणं फार कठीण. फसवून घेतलं, दबावाने घेतलं, हे न्यायालयात सिद्ध करावं लागतं, आणि ते कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. "मी दुःखात होते" हे न्यायाधीशांना समजतं, पण तेवढ्याने दस्त रद्द होत नाही. त्या दिवशी निबंधकाच्या कार्यालयात काढलेला शांत चेहऱ्याचा फोटो समोर असतो.

त्या शिक्षिकेच्या प्रकरणात आईचं नाव "लिहून देणार" मध्ये होतं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. आजवर मी पाहिलेल्या अशा मसुद्यांपैकी बहुतेकांत ते असतं. लोक बहिणीच्या वाट्यावर भांडतात आणि आईचा वाटा कुठे गेला हे कोणी बघत नाही. आई मुलाजवळच राहणार, मग तिला वेगळं नाव कशाला, असा तो सरळ विचार असतो. पण आज सून चांगली आहे, उद्या मुलालाच काही झालं तर? आईने बिनशर्त हक्क सोडला आणि पुढे तिला घरातून बाहेर व्हावं लागलं, तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्यात तो दस्त रद्द करून मागायची सोय आहे. पण ती सोय, सांभाळण्याच्या अटीवर हक्क दिला होता असं दाखवता आलं तरच उपयोगी पडते. बहुतेक मसुद्यांत अशी अट लिहिलेलीच नसते.

मी त्या मुलीला तीन गोष्टी करायला सांगितल्या, तिन्ही शांतपणे. एक, कुठल्याही कागदावर सही नाही, आणि आईलाही तेच समजावून सांगायचं. दोन, सोसायटीच्या सचिवांना एक पानाचं पत्र: मी मयत सभासदाची मुलगी आणि वारस आहे, आई आणि भाऊ हेही वारस आहेत, तिघांच्या लेखी संमतीशिवाय किंवा सक्षम न्यायालयाच्या दाखल्याशिवाय कायमचं हस्तांतर करू नये. हे पत्र कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायची. तसंच पत्र बँकेच्या शाखेला. तीन, भावाला काहीही लिहायचं नाही. व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही. सुतकात लिहिलेले संदेश पुढे पाच-पाच वर्षं न्यायालयात वाचले जातात आणि तेव्हा ते लिहिणाऱ्यालाच वाचवत नाहीत.

तिने विचारलं, "मग आत्ता हिस्सा मागायचा नाही?" मी म्हटलं, मागायची गरजच नाही, तो तुझा आहेच. वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी तो तुझ्याकडे आला. त्या तेरा दिवसांत कायद्याने कोणतीही मुदत संपत नाही. घाई तुला नाही, ज्याला सही हवी आहे त्याला आहे. गावाकडे जमीन असती तर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांत कळवायचं असतं, तेवढं लक्षात ठेवायला सांगितलं असतं. पण तीन महिने म्हणजे तेरा दिवस नव्हेत.

भाऊ सहा आठवड्यांनी स्वतः माझ्याकडे आला. रागावलेलाच होता. पण डायलिसिसच्या बिलांची पिशवी बरोबर होती, आणि ती टेबलावर ओतल्यावर मला त्याची बाजू कळली. दीड वर्षात त्याने खिशातून साडेचार लाख घातले होते. सेवा केली म्हणून कायदा वाटा वाढवून देत नाही, हे मला त्याला सांगावं लागलं आणि ते सांगताना मला बरं वाटलं नाही. पण कायद्यात नाही म्हणजे तडजोडीत नाही असं नसतं. बहिणीला विचारलं तर ती लगेच म्हणाली, ते आधी दादाला द्या. मग १५ लाखांच्या ठेवीतून साडेचार लाख आधी भावाला दिले, उरलेले साडेदहा लाख तिघांत, प्रत्येकी साडेतीन लाख. घर विकायचं नाही असं ठरलं. कौटुंबिक व्यवस्थापत्र करून ते नोंदवलं, त्यात आईला हयातभर राहण्याचा हक्क स्पष्ट लिहिला. आठ महिन्यांनी भागदाखल्यावर तिघांची नावं लागली. हे तिघं तयार झाले म्हणून. तिघांपैकी एकजण जरी अडला असता तर दिवाणी न्यायालयातून वारस दाखला काढावा लागला असता. महाराष्ट्रात तो आजही १८२७च्या एका जुन्या विनियमाखाली मिळतो. त्याला जाहीर नोटीस लागते आणि वेळ जातो. तहसीलदाराचा वारस दाखला निवृत्तिवेतनासारख्या कामाला चालतो, घराच्या मालकीला तो पुरत नाही. कथेत दाखल्याचा उल्लेख येणार असेल तर हा फरक सांभाळा.

२०२४ मध्ये इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा करारावर आईची सही होती आणि भाड्याचा धनादेश तिच्या नावाचाही निघाला. भाऊबहिणीचं मात्र लगेच जुळलं नाही. दोन राखीपौर्णिमा ती गेली नाही, तिसऱ्या वर्षी आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोघं एकत्र बसले. हे मी सांगते आहे कारण पक्षकाराला मी कधीच सांगत नाही की नातं तुटणार नाही. काही घरांत ते कायमचं तुटतं, हिस्सा मागितला तरी आणि सोडला तरी. हिस्सा सोडून दिलेल्या आणि तरी माहेरचं दार बंद झालेल्या बायकाही माझ्याकडे येतात. त्यांचं काम मला सगळ्यात जड जातं, कारण त्यांच्यासाठी करण्यासारखं फार काही उरलेलं नसतं.

आता तुमच्या कथेपुरतं. प्रसंग नवव्या दिवशी ठेवू नका. नवव्या दिवशी घराचं लक्ष दुसऱ्या दिवशीच्या दहाव्यावर असतं: घाटावर जायचं, पिंड, कावळा शिवेल का, बाबांचं काय राहून गेलं. त्या दिवशी कागदाचा विषय निघाला तर भाऊच निर्दय वाटेल आणि वाचक मुलीऐवजी त्याच्यावर चिडेल, तेही खरं चित्र नाही. बाराव्याची संध्याकाळ ठेवा. विधी जवळजवळ आटोपले आहेत, उद्याच्या गोडाच्या जेवणाची यादी चालू आहे, तिच्या सासरचे उद्या दुखवटा घेऊन येणार आहेत आणि परवा ती जाणार आहे. सहीसाठी उरलेली ती शेवटची संध्याकाळ, आणि ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मुलीच्या तोंडचं "मला माझा हिस्सा हवा" हे वाक्य काढा. तिच्या हातात फाइल द्या आणि तिला ती शेवटपर्यंत वाचू द्या. ती कुठे थांबते ते तुम्ही ठरवा. माझ्या पक्षकार आईच्या नावाशी थांबल्या होत्या, तुमची मुलगी कदाचित आजीच्या नावाशी थांबेल, किंवा तिचं नाव माहेरच्या आडनावाने लिहिलंय हे बघून थांबेल. मसुद्यांत असं खरंच होतं, जुना नमुना उतरवताना टंकलेखकाकडून. मग ती जे बोलेल त्यात 'हिस्सा' हा शब्द आला नाही तरी चालेल. भावाला मात्र एक खरी तक्रार द्या, बिलांची पिशवी द्या. आणि कथा तेराव्यालाच संपवायची असेल तर काही निकाल लावू नका. त्या तारखेला कायद्याने काहीच ठरलेलं नसतं: घर तिघांचं, फाइल बिनसहीची, आणि पाटावर बाबांच्या फोटोपुढे तेराव्याच्या जेवणाचं पहिलं पान वाढायचं बाकी.